परदेशात लोकल सिम टाकलं की बँकेचा ओटीपी येत नाही. मेसेज अडतो कुठे?

मंजिरी_धरमपेठ (सोमवार, रात्री 9:40)
आई-बाबा सध्या बँकॉकला आहेत. विमानतळावर उतरल्या उतरल्या बाबांनी तिथलं टुरिस्ट सिम घेतलं, काउंटरवरच्या मुलीनेच घालून दिलं. इंटरनेट झकास चालतंय, रोज व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल होतो. फक्त ओटीपी येत नाही. आपल्याकडच्या एका साइटवरून ते फुकेतचं हॉटेल बुक करत होते. कार्डचे आकडे भरले, 'ओटीपी पाठवला आहे' असं स्क्रीनवर आलं आणि पुढे काहीच नाही. बाबांनी पुन्हा पुन्हा Resend दाबलं, तेव्हा बँकेने 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' सांगून दार लावून घेतलं.

हॉटेलचे पैसे मी इथून भरले, तो विषय संपला. पण ते अजून आठवडाभर तिकडेच आहेत आणि बाबांना एका एफडीचं काम त्यांच्याच लॉगिनने करायचंय. नंबर प्रीपेड आहे, निघण्याआधी रिचार्ज केलेला आहे. मग मेसेज जातो कुठे?

बर्डीचा_भाऊ (9:52)
ताई, टेन्शन नका घेऊ. माह्या साळ्याले दुबईत सेम असंच झालतं. सेटिंगमधी जाऊन डेटा रोमिंग चालू कराले सांगा, धडाधड येतीन मेसेज. नाहीतर इथल्या नंबरवरून थायलंडच्या नंबरवर कॉल फॉरवर्डिंग लावून टाका, मंग ओटीपीबी तिकडंच जाईन.

इतवारी_किराणा (9:58)
मलाही हाच त्रास आहे. दुकानात ओटीपी येतो, मागच्या गोदामात गेलं की येत नाही. दोनदा तक्रार केली. टॉवर वाढवा म्हणून आपण सगळ्यांनी मिळून अर्ज द्यायला पाहिजे.

टॉवरवाला (10:15)
किराणासाहेब, तुमच्या गोदामाला पत्र्याचं छप्पर असेल. तो वेगळा आजार, त्याला वेगळा धागा काढा.

मंजिरीताई, आधी एकच सांगा. बाबांचं भारतातलं सिम या क्षणी कुठे आहे?

मंजिरी_धरमपेठ (10:31)
आत्ताच विचारलं. नव्या सिमच्या पुठ्ठ्यावर सेलोटेपने चिकटवून आईच्या पर्समध्ये आहे. फोनला सिमच्या दोन जागा आहेत, पण दुसऱ्या जागेत मेमरी कार्ड आहे. म्हणून त्या मुलीने जुनं काढून नवं घातलं.

टॉवरवाला (10:58)
मग तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पर्समध्ये आहे.

मी बरीच वर्षं मोबाइल कंपनीच्या आतल्या बाजूला, म्हणजे टॉवरच्या मागे जी यंत्रं असतात तिथे काम केलंय. लोकांना वाटतं मेसेज फोनकडे जातो. तो फोनकडे जात नाही, नंबरकडे जातो, आणि नंबर सिमला बांधलेला असतो. बँकेकडे बाबांचा +91 वाला नंबर आहे. थायलंडच्या नंबराचा बँकेला पत्ताच नाही, त्यामुळे तिथल्या सिमवर कितीही दांड्या दिसल्या तरी ओटीपीसाठी त्यांचा उपयोग शून्य.

आता मेसेजचा रस्ता बघा. बँकेचा मेसेज बाबांच्या कंपनीच्या मेसेज सेंटरला पोचतो. सेंटर कंपनीच्या एका मोठ्या हजेरीवहीत बघतं, की हा नंबर आत्ता कुठल्या नेटवर्कवर आहे. आमच्याकडे त्या वहीला एचएलआर म्हणायचे. सिम बँकॉकमध्ये चालू असतं तर वहीत तिथल्या कंपनीच्या स्विचचा पत्ता सापडला असता आणि मेसेज सेकंदाभरात तिकडे गेला असता. पर्समधलं सिम कुणाकडेच हजेरी लावत नाही. वहीतून उत्तर येतं 'गैरहजर', आणि सेंटर मेसेज बाजूला ठेवून अधूनमधून प्रयत्न करत बसतं. बँकेच्या स्क्रीनवरचं 'पाठवला' हे खरंच असतं. पाठवला आहे, पोचलेला नाही.

भाऊंच्या दोन्ही उपायांबद्दल. कॉल फॉरवर्डिंगने कॉल वळतात, एसएमएस वळत नाहीत. आणि एसएमएसला डेटा रोमिंग लागत नाही. तो इंटरनेटवरून येत नाही, फोन आणि टॉवर यांच्यात हजेरीची जी देवाणघेवाण चालू असते तिच्यातूनच येतो. डेटा रोमिंग बंदच ठेवा, नाहीतर दुसऱ्या जागेतलं सिम गुपचूप डेटा खाईल आणि बाबांचा बॅलन्स उडेल. भारतीय सिमवर रोमिंग सुरू असायला हवं, ते मात्र खरं. पण फोनमधलं डेटा रोमिंगचं बटण वेगळं आणि कंपनीने त्या नंबराला दिलेली रोमिंगची परवानगी वेगळी.

बर्डीचा_भाऊ (11:04)
पण साळ्याचं डेटा रोमिंग चालू केल्यावरच आलतं ना भाऊ!

टॉवरवाला (11:09)
त्यांनी ते चालू करायला आधी पॅक मारला असेल. पॅकबरोबर रोमिंगची परवानगी सुरू झाली आणि श्रेय बटणाला मिळालं.

मंजिरी_धरमपेठ (मंगळवार, सकाळी 8:20)
बाबांनी मेमरी कार्ड काढून दुसऱ्या जागेत जुनं सिम टाकलं. पहिल्या सिमला नेट आहे, दुसऱ्यासमोर Emergency calls only. फोन दोनदा बंद-चालू केला तरी तेच. रोमिंग सुरू करायला कंपनीच्या अॅपमध्ये शिरावं म्हटलं, तर ते लॉगिनसाठी ओटीपी मागतं! तो त्याच नंबरवर येणार. हसावं का रडावं?

उमा_रविनगर (8:45)
मंजिरी, हे मी अमेरिकेत मुलाकडे गेले होते तेव्हा भोगलंय. माझी कथा अजून वरची. मुलाने तिथला नवा आयफोन हातात दिला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला 14 पासून पुढे सिमची खाचच नसते, सगळं ई-सिम. माझं नागपूरचं सिम घालायचं कशात? शेवटी माझा जुना फोन चार्ज करून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, फक्त ओटीपीसाठी. तर त्याला नेटवर्कच धरवेना. नंतर मुलाने सेटिंगमध्ये जाऊन आपोआप निवडीच्या जागी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क हाताने निवडलं, तेव्हा कुठे मेसेज आले. एकदम ढीगभर. आधीच्या आठवड्यातलं वीजबिलसुद्धा तेव्हाच कळलं.

टॉवरवाला (9:10)
मंजिरीताई, Emergency calls only म्हणजे टॉवर दिसतोय, पण आत घेत नाही. थायलंडच्या कंपनीने बाबांच्या कंपनीला विचारलं, तुमचा माणूस आलाय, घेऊ का? इकडून उत्तर गेलं, याला परदेशात परवानगी नाही. म्हणजे निघण्याआधीचा रिचार्ज हा भारतातला साधा प्लॅन असणार. रोमिंग सुरू झालेलंच नाही.

अॅपमध्ये शिरायची गरज नाही. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा तुमच्या पेमेंट अॅपमध्ये बाबांचा नंबर टाकून तुम्ही इथून साधा रिचार्ज करता ना, त्याच यादीत आंतरराष्ट्रीय रोमिंगचे पॅक असतात. त्याला लॉगिन लागत नाही. थायलंड ज्यात आहे असा सगळ्यात छोटा पॅक घ्या. घेण्याआधी त्यात 'इनकमिंग एसएमएस मोफत' लिहिलंय का ते वाचा. पॅक मारल्यावर रोमिंग आपोआप सुरू होईल की वेगळं सांगावं लागेल, हे कस्टमर केअरला फोन करून विचारा. काही ठिकाणी दोन्ही करावं लागतं.

त्यानंतरची पायरी बहुतेकांची चुकते. एकदा नकार मिळाला की सिम ते नेटवर्क 'इथे बंदी' म्हणून स्वतःच्या पोटात लिहून ठेवू शकतं. मग इकडे परवानगी मिळाली तरी सिम त्या टॉवरकडे आपणहून जात नाही, आणि फोन बंद-चालू करूनही ती नोंद पुसली जात नाही. बाबांना सांगा, मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये भारतीय सिम निवडून 'आपोआप' बंद करायचं, यादी यायला दोनतीन मिनिटं लागू देत, आणि एकेक नाव हाताने निवडून बघायचं. एकाने आत घेतलं की झालं. उमाताईंचं काम हाताने निवडल्यावर झालं त्यामागे हेही असू शकतं.

उमा_रविनगर (9:24)
पण माझं रोमिंग तर निघायच्या आधीच सुरू केलेलं होतं हो.

टॉवरवाला (9:41)
मग तुमचं कारण दुसरं असावं. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये थ्रीजी बंद केलं. तिथे आता फोरजीच धरावं लागतं. फोरजीवर एसएमएस कॉलशिवायही येऊ शकतो, पण काही फोन असे असतात की 'इथे मला कॉल करता येणार नाही' असं कळलं की ते फोरजीच सोडून देतात आणि जुनं नेटवर्क शोधत बसतात. जुनं नेटवर्क आहेच कुठे? दुसऱ्या कंपनीशी तुमच्या कंपनीचा करार वेगळा असेल, म्हणून तिथे जमलं. फोन समोर नसताना याहून जास्त सांगता येणार नाही.

बर्डीचा_भाऊ (10:02)
एवढी झिगझिग कायले? ताईनं इथंच बर्डीवरच्या गॅलरीत जाऊन बाबांच्या नंबरचं नवं सिम काढावं, आपल्या फोनमधी टाकावं. ओटीपी आला की व्हॉट्सअॅपवर सांगून द्यावा. नाहीतर ई-सिम करावं.

टॉवरवाला (10:20)
अजिबात नको. नवं सिम निघालं की बँकॉकमधलं त्याच क्षणी मेलं. नवं सिम मिळायला ज्याच्या नावावर नंबर आहे तो माणूस समोर लागतो, ते वेगळंच. आणि दूरसंचार विभागाचा नोव्हेंबर 2022 चा आदेश आहे, सिम बदललं किंवा ई-सिम केलं की त्या नंबरवर पहिले 24 तास एसएमएस येणं-जाणं बंद. चोरून सिम बदलून बँक खाती रिकामी करणाऱ्यांसाठी तो नियम केला, पण प्रवाशाला बरोबर नको त्या वेळी लागतो. ई-सिम करायचंच असेल तर निघण्याच्या चारपाच दिवस आधी नागपुरात करायचं आणि ओटीपी येतोय हे बघूनच सोनेगावला जायचं.

घरच्यांनी ओटीपी वाचून सांगण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. नियमाप्रमाणे चूक, हे मान्य. पण नागपुरातल्या निम्म्या घरांत मुलगा-सून हेच करतात, हेही खरं.

नाईट_शिफ्ट (11:35)
मी मिहानमध्ये बँकांचे मेसेज ज्या सिस्टिमवरून सुटतात तिथे कामाला आहे. ओटीपी वाचून सांगायची सवय लावू नका ही हात जोडून विनंती. उद्या बाबांचा आवाज काढून कुणी फोन केला की तुम्ही तसाच वाचून दाखवाल.

कुणीतरी पुढे 'डीएनडी काढा' सांगेल, म्हणून आधीच लिहितो. डीएनडीने ओटीपी अडत नाही, जाहिरातींचे मेसेज अडतात. आमच्या बाजूने मेसेज अडतो तो मजकूर नोंदवलेल्या साच्याशी जुळला नाही तर. मार्च 2021 मध्ये ही तपासणी कडक केली तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली होती. पण तसं झालं तर नागपुरात बसलेल्यालाही येत नाही. फक्त परदेशातल्याला येत नसेल तर आधी टॉवरवाल्यांच्या बाजूला बघायचं.

मंजिरी_धरमपेठ (मंगळवार, रात्री 10:05)
नेटवर्क आलं!! पॅक मी दुपारी इथून मारला. कस्टमर केअरने रोमिंग वेगळं सुरू करून दिलं (माझी जन्मतारीख विचारली नाही, बाबांची विचारली, ती पाठ होती). आपोआपवर ठेवलं तर काहीच होईना. हाताने निवडताना पहिलं नाव नाकारलं गेलं, दुसऱ्याने आत घेतलं. पाच मिनिटांत फोन टुणटुण वाजायला लागला. परवाचे सगळे ओटीपी, गॅसचा मेसेज, लग्नपत्रिकेची लिंक, सगळं.

पण एफडीचं अडलंच. बाबांनी बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. ती बाई म्हणाली तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, वाचून नको, कीपॅडवर टाका. बाबा वाट बघतायत, ती वाट बघतेय, ओटीपी काही येईना. वैतागून फोन ठेवला आणि लगेच ओटीपी आला. दोनदा असंच झालं. बाबांना वाटतं बँकच खेळ करतेय.

टॉवरवाला (10:22)
फोन कुठल्या सिमवरून लावला होता?

मंजिरी_धरमपेठ (10:26)
थायलंडच्या. त्यावर मिनिटं आहेत म्हणून.

टॉवरवाला (10:50)
मग बँक निर्दोष. बाबांच्या फोनमध्ये सिम दोन आहेत, पण बोलायचं यंत्र एकच. दोन्ही सिम रिकामी असताना फोन दोघांकडे आळीपाळीने कान देतो. एकावर कॉल सुरू झाला की बहुतेक फोनमध्ये दुसरं सिम तेवढा वेळ ऐकतच नाही. हजेरीवहीत नाव आहे, टॉवर हाका मारतोय, पण ओ देणारा कुणी नाही. फोन ठेवला की ओ दिली जाते आणि मेसेज येतो. तोवर ओटीपीची मुदत गेलेली असते.

हेल्पलाइनला बोलायचं असेल तर आईच्या फोनवरून लावा आणि बाबांचा फोन नुसता टेबलावर ठेवा.

अँड्रॉइडवर खात्री करायची सोय आहे. उशिरा आलेला मेसेज दाबून धरा आणि तपशील उघडा. बऱ्याच फोनमध्ये दोन वेळा दिसतात, Sent आणि Received. Sent म्हणजे मेसेज सेंटरने तो हातात घेतला ती वेळ. दोन वेळांत मोठं अंतर असेल तर मेसेज सेंटरपासून फोनपर्यंतच्या रस्त्यात अडला, म्हणजे सिम गैरहजर होतं किंवा व्यस्त होतं. दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या आणि दोन्ही उशिराच्या असतील तर बँकेनेच उशिरा सोडला.

मंजिरी_धरमपेठ (बुधवार, दुपारी 1:15)
बघितलं. हेल्पलाइनवाल्या मेसेजला Sent 7:12 आणि Received 7:23. फोन ठेवला तेव्हा 7:23 च झाले होते, कॉलच्या यादीत दिसतंय. आज आईच्या फोनवरून बोलले आणि ओटीपी लगेच आला. एफडी झाली. बाबांनी बँकेची माफी मागितलेली नाही, पण शिव्या थांबल्यात.

एकच गोष्ट उरली. बाबांचं दुसऱ्या एका बँकेत पेन्शनचं खातं आहे. तिचा ओटीपी अजून एकदाही आला नाही. बाकी सगळ्यांचे येतात, मी इथून केलेला साधा एसएमएसही पोचतो.

इतवारी_किराणा (1:40)
बघा, म्हणजे टॉवरचाच प्रॉब्लेम.

नाईट_शिफ्ट (2:30)
साधा एसएमएस पोचतो म्हणजे सिम, रोमिंग आणि टॉवर यांना क्लीन चिट. बाबांनी नंबर कधी पोर्ट केलाय का? काही वेळा मेसेज पाठवणाऱ्याकडे जुन्या कंपनीची नोंद राहते आणि मेसेज चुकीच्या दारात जातो.

टॉवरवाला (2:44)
पोर्टची चूक असती तर नागपुरातही आला नसता. ताई, इथे असताना त्या बँकेचा यायचा का?

मंजिरी_धरमपेठ (2:52)
गेल्या महिन्यात आला होता, बाबांनी स्टेटमेंट काढलं होतं. नंबर दोन वर्षांपूर्वी पोर्ट केलाय.

नाईट_शिफ्ट (3:20)
बँकेने मध्ये मेसेज पाठवणारी कंपनी बदलली असेल तर पोर्टचं कारण अजूनही उभं राहतं, पण मी पैज लावणार नाही. आधी मेसेज अॅपमधलं Spam & blocked उघडून बघा, कधी कधी तिथे पडलेले सापडतात. नसेल तर बँकेला ईमेल करा. 'ओटीपी येत नाही' एवढंच लिहिलं तर 'फोन रीस्टार्ट करा' असं उत्तर येईल. तारीख, भारतीय वेळ मिनिटापर्यंत आणि नंबराचे शेवटचे चार आकडे देऊन त्या मेसेजचा डिलिव्हरी रिपोर्ट मागा. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे, वेळ चुकवू नका, नाहीतर त्यांना रिपोर्टच सापडणार नाही. मेसेज पाठवलाच नाही, मोबाइल कंपनीने नाकारला की पोचला, हे त्यात दिसतं. खूप वेळा Resend केल्यामुळे बँकेने पाठवणंच थांबवलं असेल तर तेही कळेल.

उमा_रविनगर (4:05)
तोवर त्या बँकेत ईमेलवर ओटीपीची सोय आहे का बघ. माझ्या बँकेत होती, पण ती चालू करायला एकदा मोबाइलचा ओटीपी लागला. मी ते नागपुरात असतानाच करून ठेवलं होतं म्हणून निभावलं.

बर्डीचा_भाऊ (4:31)
ठीक हाय, डेटा रोमिंगचं माह्यं चुकलं. पण वायफाय कॉलिंग चालू केलं तं रोमिंगबिन ओटीपी येते म्हणते लोकं. हॉटेलचं वायफाय फुकटच असते ना?

टॉवरवाला (5:02)
भाऊ, हे कंपनीवर, फोनवर आणि देशावर अवलंबून आहे. परदेशातून वायफाय कॉलिंग चालू द्यायचं की नाही हे बाबांची कंपनी ठरवते, आणि कॉल चालला म्हणजे एसएमएसही त्याच वाटेने येईल असं नाही. काहींना आल्याचं मी ऐकलंय, काहींना नाही. बाबांचं रोमिंग चालू आहे, तर त्याच्या भरवशावर जाऊ नका.

आणि ताई, बाबांना निक्षून सांगा, तिथे असताना यूपीआयचं अॅप काढून पुन्हा टाकायचं नाही. नव्याने नोंदणी करताना फोन स्वतः भारतीय सिमवरून एक एसएमएस पाठवतो. येणारा मेसेज फुकट असला तरी जाणाऱ्याचे रोमिंगमध्ये पैसे पडतात. बॅलन्स नसेल तर नोंदणी अर्ध्यात अडकेल आणि चालू असलेलं यूपीआयही हातचं जाईल.

मंजिरी_धरमपेठ (5:20)
हे वाचायच्या आधीच बाबांनी 'अॅप हळू चालतंय' म्हणून काढलंय. पॅकमध्ये जाणारे एसएमएस आहेत का बघते.